सोंड आतमध्ये आहे ना

‘स्वतःचे अनुभव सांगते.’ ‘परिचित वस्तूविषयी माहिती सांगते.’ ‘आत्मविश्वासाने बोलते.’

महाराष्ट्रातल्या कुठल्याही प्राथमिक शिक्षकाला ही वाक्यं झोपेतही आठवतील. २०१० साली आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्याबरोबर प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी आल्या, आणि मागोमाग तयार वाक्यांच्या याद्या. तीस-चाळीस मुलं, प्रत्येकाचे इतके विषय. यादी का वापरली जाते हे समजायला अवघड नाही. पण ही वाक्यं सगळ्याच मुलांना बसतात, म्हणून त्यांच्यात कुठलंच मूल सापडत नाही.

मी मुलुंडमध्ये दुसरीला शिकवते. ‘घरातली एक वस्तू दाखवा आणि तिच्याबद्दल बोला’ या कामाची रेकॉर्डिंग पालक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. मोबाइल भरला की ती पुसली जातात. पुढच्या वर्षीच्या बाईंच्या हातात पडते ती फक्त नोंद. त्यामुळे त्या चार ओळींत काय उरतं, याला महत्त्व आहे.

एका मुलीचं ७२ सेकंदांचं रेकॉर्डिंग घेऊ. पहिल्यांदा मी पेन हातात न घेता ऐकते. दुसऱ्यांदा ऐकताना शब्द जसेच्या तसे उतरवते, ‘ना’सकट:

‘हे ना, पप्पांचं पासचं पाकीट आहे. आता पप्पा मोबाइलमध्ये पास काढतात, म्हणून मला दिलं.’ (आई हळूच: ‘रंग सांग, रंग.’) ‘निळा. ह्यात आधी गणपतीचा फोटो होता. मग ना, पाऊस पडला ना, तर तो चिकटला. काढला तर अर्धा गणपती निघाला नि अर्धा आतच राहिला. आई बोलली, फेकून दे. मी नाही फेकला.’ (चार सेकंद शांतता.) ‘कारण सोंड आतमध्ये आहे ना.’

आता पहिलं काम म्हणजे मोठ्या माणसाचा आवाज वेगळा काढणं. ‘निळा’ हा शब्द आईच्या सुचवण्यावर आला. तो मी गोल करते. बाकी सगळं तिचं. शिकागोतल्या बालवर्गाच्या शिक्षिका व्हिव्हियन पेली वर्गात टेपरेकॉर्डर लावत आणि नंतर ऐकून सगळं उतरवून काढत. टेपवर त्यांना स्वतःचाही आवाज ऐकू आला: आपण मुलांकडून ठरावीक उत्तराची वाट पाहतोय, असा.

दुसरं काम शांततेचं. ती चार सेकंदं म्हणजे अडखळणं का? ओळखायची खूण साधी आहे. अडकलेलं मूल थांबून पुन्हा तेच म्हणतं, ‘आणि मग ना, आणि मग ना’. इथे थांबल्यावर नवी गोष्ट आली, तीही ‘कारण’ घेऊन. म्हणजे ती विचार करत होती. ‘बोलताना अडखळते’ असं लिहिलं असतं, तर ते वर्षभर तिला चिकटलं असतं.

तिसरं काम म्हणजे सुधारण्याचा मोह टाळणं. पाकीट नपुंसकलिंगी, म्हणून हात आपोआप ‘मी फेकलं नाही’ लिहायला जातो. पण ती पाकिटाबद्दल बोलतच नव्हती. ‘फेकला’ म्हणजे गणपती. पाकीट टाकलं तर आत उरलेला अर्धा गणपतीही गेला, हे तिला सांगायचं होतं. व्याकरण दुरुस्त केलं असतं तर तिचं म्हणणंच पुसलं गेलं असतं. ‘आई बोलली’ हेही तसंच ठेवायचं; आमच्याकडे घरोघरी असंच बोलतात.

मग नोंद अशी होते:

‘घरून आलेलं रेकॉर्डिंग, ७२ सेकंद. वडिलांच्या रेल्वे पासच्या पाकिटाबद्दल बोलली. पावसात आतला गणपतीचा फोटो कसा चिकटला ते “आधी”, “मग” वापरून क्रमाने सांगितलं. आईने काय सांगितलं ते सांगून त्याविरुद्ध स्वतःचं कारण दिलं: “मी नाही फेकला. कारण सोंड आतमध्ये आहे ना.” रंग आईने सुचवल्यावर सांगितला. पुढे: वर्गात, कोणी न सुचवता बोलताना ऐकणे.’

यात ‘हुशार’, ‘धीट’, ‘भावनाशील’ यांपैकी एकही शब्द नाही. एका रेकॉर्डिंगवरून तेवढं कळत नाही. घरी आईसमोर बोलणारी मुलगी वर्गात गप्प असू शकते, म्हणून ‘घरून आलेलं’ हा शब्द सुरुवातीलाच हवा. आणि मुलीचं एक वाक्य तिच्याच शब्दांत हवंच. बाकी नोंद बरोबर आहे का, हे त्यावरून कुणीही तपासू शकतं.

चाळीस मुलांचं असं दर आठवड्याला होत नाही. मी आठवड्याला चार मुलं घेते, म्हणजे दहा आठवड्यांत वर्ग पूर्ण होतो. लिहून झालं की वरचं नाव बोटाने झाकून नोंद वाचते. वर्गातल्या दुसऱ्या कुणालाही ती चालत असेल, तर रेकॉर्डिंग पुसायच्या आधी परत एकदा लावते.