मीटर पळतोय की आपलं गणित?

विचुंब्यातल्या आमच्या सोसायटीत नवीन स्मार्ट मीटर बसल्यापासून एकच वाक्य कानावर येतं, "मीटर पळतोय." मी इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पॉवर सिस्टिम्सच्या प्रोजेक्टसाठी वीजमीटरच बनवत होतो. वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "तुझं यंत्र लाव बाबा, एकदाचा सोक्षमोक्ष होऊन जाऊ दे."

माझं यंत्र साधं. वायरीभोवती चिमट्यासारखा बसणारा करंट सेन्सर, आणि ईएसपी३२ बोर्ड, जो दर मिनिटाचा आकडा वाय-फायवरून शीटमध्ये टाकतो. व्होल्टेज मी २३० धरलं आणि करंटने गुणलं. काकांच्या घरी दिवसभर लावलं. त्यांचा मीटर ७.८ युनिट फिरला, माझ्या यंत्राने ९.४ दाखवले. काका हसून म्हणाले, "म्हणजे मीटर हळू चालतोय? कुणाला सांगू नकोस हं!"

मला मात्र झोप लागेना. दुसऱ्या दिवशी घरातलं सगळं बंद करून एकेक उपकरण तपासलं. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी 3200 imp/kWh असं छापलेलं असतं. म्हणजे ३२०० लुकलुकी झाल्या की एक युनिट.

आधी फक्त गीझर लावला. माझं यंत्र म्हणालं २००० वॅट, दिवा मिनिटात १०७ वेळा लुकलुकला. हिशेब तंतोतंत जुळला. मग फक्त फ्रिज. करंट १.१ अँपिअर, म्हणजे माझ्या मते २५३ वॅट. दिवा मात्र ५ मिनिटांत ४४ वेळाच लुकलुकला, म्हणजे जेमतेम १६५ वॅट.

चूक तिथेच सापडली. फ्रिजच्या मोटरमध्ये करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो, त्यामुळे दोघांचा नुसता गुणाकार खऱ्या वापरापेक्षा जास्त येतो. यालाच पॉवर फॅक्टर म्हणतात, इथे तो ०.६५ होता. गीझरला ही भानगड नसते. आपल्या घरगुती बिलात युनिट मोजले जातात ते खऱ्या वापराचे. आता मी व्होल्टेजचा सेन्सरही जोडलाय. दोन्ही एकाच क्षणी मोजून, गुणून, मग सरासरी काढतो.

वाय-फाय गेलं की मधली मिनिटं गायब व्हायची, तेही कळलं. आता एकूण युनिट बोर्डातच साठतात, नेट आल्यावर तोच आकडा जातो.

म्हणून सांगतो, बाजारातला नुसता करंट मोजणारा स्वस्त चिमटा लावून "मीटर खोटा" म्हणू नका, आणि "मीटर खरा" असंही म्हणू नका. आधी गीझर एकटा चालवून लुकलुकी मोजा. व्होल्टेज कमी असेल तर गीझरही कमी ओढतो, तेवढी सूट धरा. तरीही फरक मोठा वाटला, तर मीटर तपासणीचा लेखी अर्ज द्या. माझ्या यंत्राचा आकडा तिथे पुरावा म्हणून चालणार नाही, पण अर्ज करायचा की नाही हे त्यावरून नक्की ठरतं.