पोस्ट सगळ्यांना दिसत होती, मग परवानगी कशाला?

आज एका आजाराविषयी नाही, तर माझ्या हातून झालेल्या एका चुकीविषयी लिहितो आहे. ही चूक तुमच्यापैकी अनेकांकडूनही झालेली असू शकते, म्हणून लिहिणं गरजेचं वाटतं.

एप्रिल २०२१. कोरोनाची दुसरी लाट. रात्री अकराच्या सुमारास माझ्या एका जुन्या पेशंटच्या मुलाचा फोन आला. वडिलांचा ऑक्सिजन ८२ वर आलेला, सात हॉस्पिटलांनी बेड नाही म्हणून सांगितलेलं. मी माझ्या ओळखीतले सगळे नंबर फिरवले. उपयोग झाला नाही. शेवटी त्या दिवसांत सगळेच करत होते तेच मीही केलं. ट्विटरवर लिहिलं: पेशंटचं वय, ऑक्सिजनची पातळी, राहण्याचा भाग, मधुमेह आहे, टीबीची औषधं चालू आहेत, मुलाचं नाव आणि मोबाइल नंबर. पहाटे तीनला कुणा अनोळखी माणसाचा मुलाला फोन आला आणि बेड मिळाला. पेशंट वाचले. मी दमून झोपलो आणि ती पोस्ट पार विसरून गेलो.

वर्षभरानंतर एका हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीच्या बैठकीत मला ती आठवली. माणसांवरचं कुठलंही संशोधन सुरू करण्याआधी या कमिटीची परवानगी लागते. कमिटीत डॉक्टर असतात, कायदा जाणणारी व्यक्ती असते आणि वैद्यकीय क्षेत्राबाहेरचा एक सामान्य नागरिकही असतो. त्या दिवशी आमच्यापुढे एका तरुण डॉक्टर मुलीचा प्रस्ताव होता. दुसऱ्या लाटेत लोकांनी मदतीसाठी टाकलेल्या काही हजार पोस्ट गोळा करायच्या आणि कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या दिवशी, कशाची टंचाई होती याचा नकाशा तयार करायचा. विषय उत्तमच होता. सरकारी आकडे दुसऱ्या दिवशी येतात, पण माणूस मदत मागतो ती त्याच मिनिटाला. पुढच्या साथीत ऑक्सिजन कुठे आधी पाठवायचा हे अशा अभ्यासातून कळू शकतं.

संमतीच्या रकान्यात तिनं एकच ओळ लिहिली होती: ‘माहिती आधीच सार्वजनिक असल्याने संमतीची गरज नाही.’

तिचं म्हणणं निराधार नव्हतं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आम्ही वापरतो. सार्वजनिक स्वरूपात उपलब्ध असलेल्या माहितीवरच्या संशोधनासाठी संमतीची अट शिथिल करता येते, असं त्यांत म्हटलेलं आहे. पण शिथिल करता येते याचा अर्थ ती आपोआप गळून पडते असा नाही. ते कमिटीनं ठरवायचं असतं. त्याच तत्त्वांत, लोकांच्या सार्वजनिक वागण्याचं निरीक्षण तपासणीतून कधी वगळता येईल, हेही सांगितलं आहे. नोंदीतून व्यक्ती ओळखू येऊ नये आणि ती उघड झाल्यास त्या माणसाचं नुकसान होऊ नये, अशा त्या अटी आहेत.

प्रस्तावाला नमुन्याची पाच वाक्यं जोडलेली होती. नाव नाही, नंबर नाही, फक्त वाक्यं. त्यातलं एक मी अवतरणचिन्हांत टाकून मोबाइलवर शोधलं. अर्ध्या मिनिटात मूळ पोस्ट समोर आली. लिहिणाऱ्या मुलाचं नाव, फोटो, फोन नंबर आणि त्याच्या आईचा संपूर्ण आजार. खाली लोकांनी लिहिलेलं ‘भावपूर्ण श्रद्धांजली’सुद्धा.

हा तिचा एकटीचा निष्काळजीपणा नव्हता. ट्विटरवरील पोस्ट वापरलेल्या आरोग्यविषयक शोधनिबंधांची तपासणी अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केली. ७२ टक्के निबंधांत कुणाची ना कुणाची पोस्ट जशीच्या तशी छापलेली होती आणि ती शोधून पाहिल्यावर ८४ टक्के वेळा लिहिणारा माणूस सापडला. रक्ताच्या रिपोर्टवरचं नाव खोडलं की तो रिपोर्ट कुणाचा हे सहसा सांगता येत नाही. माणसाच्या वाक्याचं तसं नसतं. शब्द त्याचेच असतात आणि ते जगात दुसरीकडे कुठे तसे लिहिलेले नसतात. वाक्य हाच त्याचा अंगठा असतो.

बैठक संपल्यावर मी गाडीत बसून माझी स्वतःची पोस्ट शोधली. ती तिथेच होती. टीबीसकट.

माझ्या या पेशंटची खानावळ आहे. टीबीचं त्यांनी घराबाहेर कुणालाही सांगितलं नव्हतं. औषधोपचार नीट सुरू झाले की संसर्गाचा धोका काही आठवड्यांतच खूप कमी होतो, हे तुम्हाला आणि मला माहीत आहे. जेवायला येणाऱ्या गिऱ्हाइकाला नसतं. मी पोस्ट काढून टाकली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना बोलावून सगळं सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “डॉक्टरसाहेब, तुमच्यामुळे बेड मिळाला, ते उपकार मी विसरणार नाही. पण टीबीचं लिहिण्याआधी मला विचारायला हवं होतं. मी शुद्धीवर होतो.”

त्यांचं शेवटचं वाक्य मला अजून टोचतं. ते शुद्धीवर होते. मी विचारलंच नाही.

आता संमतीचा खरा गुंता बघा. पोस्ट मी लिहिली, आजार त्यांचा आणि नंबर त्यांच्या मुलाचा. मग माहिती सार्वजनिक केली कुणी? आपल्या देशात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. एखाद्यानं स्वतःची माहिती स्वतःच सार्वजनिक केली असेल तर त्या माहितीला तो लागू होत नाही. पण यातला ‘स्वतः’ हा शब्द महत्त्वाचा आहे. माझ्या पेशंटनं काहीच सार्वजनिक केलं नव्हतं. दुसऱ्या लाटेतल्या कितीतरी पोस्ट अशाच होत्या: मुलानं आईसाठी, शेजाऱ्यानं शेजाऱ्यासाठी, डॉक्टरनं पेशंटसाठी लिहिलेल्या. ‘लोकांनी स्वतःच टाकलंय ना’ हे वाक्य त्यांना लागू पडत नाही.

आणि ज्यांनी स्वतःच लिहिलं, त्यांनी तरी कशाला होकार दिला होता? बेड मिळावा म्हणून नंबर जगासमोर ठेवला, तो त्या रात्रीपुरता. दवाखान्यात तुम्ही शर्ट काढता तो मी छाती तपासावी म्हणून. दार उघडं राहिलं म्हणून बाहेरच्यानं फोटो काढावा, असा त्याचा अर्थ होत नाही.

मग प्रस्ताव फेटाळायचा का? पुढच्या बैठकीत मी आधी माझ्या पोस्टची गोष्ट सांगितली आणि मग सगळ्यांनी मिळून मार्ग काढला. प्रत्येकाला विचारून संमती घ्या म्हणणं सोपं होतं. पण ज्याची आई गेली आहे, त्याला वर्षानं अनोळखी डॉक्टरचा संदेश जाणार, ‘तुमची ती पोस्ट वापरू का?’ विचारण्यानंच जखम पुन्हा उघडली असती. त्यामुळे विचारण्याची गरजच पडू नये, असं कामाचं स्वरूप बदललं.

पोस्ट वाचून फक्त पाच गोष्टी तक्त्यात घ्यायच्या: तारीख, वेळ, जिल्हा, काय हवं होतं आणि मदत मिळाल्याचं खाली कुणी लिहिलंय का. नाव, नंबर, आजार, मूळ वाक्य काहीच साठवायचं नाही. नकाशाला एवढंच लागतं. तिनं आधी तालुक्यांप्रमाणे आकडे द्यायचं ठरवलं होतं. पण एखाद्या लहान तालुक्यात त्या दिवशी दोनच पोस्ट असतील, तर गावकरी ते दोघं कोण हे लगेच सांगतील. म्हणून जिल्ह्याच्या खाली उतरायचं नाही. उदाहरण द्यायचंच असेल तर चार-पाच प्रसंग मिसळून आपल्या शब्दांत लिहायचं आणि छापण्याआधी दुसऱ्या कुणाकडून ते शोधून घ्यायचं. माणूस सापडला, तर ते उदाहरण रद्द. नुसतं मराठीचं इंग्रजी करून भागत नाही, कारण वय, हॉस्पिटल आणि तारीख भाषांतरातही तीच राहते.

काढून टाकलेल्या पोस्टचा प्रश्न सर्वांत अवघड होता. पोस्ट काढून टाकणं म्हणजे माणसानं आपलं बोलणं मागे घेणं. फाइलमध्ये उतरवून घेतलेल्या प्रतीपर्यंत मात्र ते पोहोचत नाही. म्हणून मजकूर साठवायचाच नाही, असं ठरलं. पण याची एक किंमत आहे. बेड मिळाल्यावर अनेकांनी पोस्ट काढून टाकल्या असणार; वर्षानं मोजायला गेलं तर ज्यांना मदत मिळाली नाही त्यांच्याच पोस्ट जास्त उरलेल्या दिसतील आणि परिस्थिती होती त्याहून वाईट वाटेल. ही मर्यादा निबंधात स्पष्ट लिहायची, पण ती भरून काढण्यासाठी इतरांनी घेतलेले स्क्रीनशॉट गोळा करायचे नाहीत.

त्या मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, “सर, माझा नकाशा तरी तसाच राहतोय. मग मी बाकीचं सगळं कशाला घेत होते?” यावर कमिटीत कुणाकडेच उत्तर नव्हतं.

आता तुमच्यासाठी. पुढे कधी अशी वेळ आली तर मदत जरूर मागा, संकोच करू नका. मात्र सगळ्यांना दिसेल अशा जागी फक्त काय हवं आहे, कुठे हवं आहे आणि संपर्काचा नंबर एवढंच लिहा. जुने आजार, चालू औषधं, रिपोर्टचे फोटो हे फोन करणाऱ्या डॉक्टरला तोंडी सांगा. पेशंट शुद्धीवर असेल तर त्याला आधी विचारा. आणि काम झालं की पोस्ट काढून टाका.

आज रात्री एक करून बघा. २०२१ च्या त्या दोन महिन्यांतल्या तुमच्या पोस्ट उघडा. त्यांत कुणाचा नंबर, कुणाचा आजार अजून तसाच आहे का ते पाहा. असेल, तर आधी त्या माणसाला फोन करून सांगा आणि मग पोस्ट काढा. फोन करायला जरा जड जातं. मलाही गेलं होतं.