तारीख चुकली, तिथी उरली

वर्गात वाढदिवसाचं चॉकलेट हातात पडतं, तेव्हा आपण आधी कागद सोडवतो आणि मग ‘हॅपी बर्थडे’ म्हणतो. पण ते चॉकलेट देणारी आपली सगळ्यात जवळची मैत्रीण असेल, आणि वाढदिवस आदल्या दिवशीच होऊन गेला असेल तर? माझ्या आठवीतल्या भाचीचं असंच झालं. तिच्या मैत्रिणीचा जन्म 1 सप्टेंबर 2011चा. 2024 साली 1 सप्टेंबरला नेमका रविवार आला. शाळा नाही, रंगीत ड्रेस नाही. ही बाई दिवसभर गणपतीचं मखर कापत बसलेली! सोमवारी चॉकलेट हातात आलं आणि तिच्या पोटात धस्सच झालं.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली ती दोन बेत घेऊनच.

पहिला बेत होता साठवलेल्या पाचशे रुपयांचं भलंमोठं टेडी आणायचा. मी म्हटलं, “अगं, हा तर दंड भरल्यासारखा झाला. शिवाय तुझ्या वाढदिवसाला तिनं काय द्यायचं? तिलाही आता पाचशेचं काहीतरी शोधावं लागेल.”

दुसरा बेत भारी होता. ती मैत्रीण जन्मली त्या दिवशी, म्हणजे 1 सप्टेंबर 2011ला, गणेश चतुर्थी होती. 2024 साली चतुर्थी होती 7 सप्टेंबरला, शनिवारी. “मावशी, मी सांगते ना तिला, की मी मुद्दाम तिथीची वाट बघत होते! खरंच वाटेल.”

खरं वाटलं असतंही. पण मग त्या मैत्रिणीलाच वाटलं असतं, ‘शी, मी उगाच रागावले!’ म्हणजे विसरली ही, आणि ओशाळली ती. म्हणून आम्ही ठरवलं, तिथी वापरायची, पण भेट द्यायला. सबब म्हणून नाही. माफी आजच मागायची, आणि तीही रिकाम्या हातानं. माफी आणि भेट एकदम दिली, की समोरच्याला भेटीसाठी तरी हसावंच लागतं. त्याला रागावायला जागाच राहत नाही.

भाची त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेली. काय बोलायचं ते आधी ठरवलं होतं : “काल तुझा वाढदिवस होता आणि मी विसरले. मखर करत होते, पण एका फोनला वेळ नव्हता असं काही नाही. तुला वाईट वाटलं असणार. सॉरी.” बास. कारण सांगितलं, पण त्याची ढाल केली नाही. ‘तूही मागे विसरली होतीस’ हे तर मुळीच काढायचं नव्हतं. मैत्रीण म्हणाली, “मी रात्री नऊपर्यंत फोनजवळ बसले होते.” हे ऐकून घेणं सगळ्यात अवघड गेलं, असं भाचीनं मला नंतर सांगितलं. मंगळवारी ती मैत्रीण दुसऱ्या बाकावर बसली. भाचीनं पुन्हा सॉरी-सॉरी करत तिच्या मागे जायचं टाळलं. राग ओसरायला चार दिवस लागतातच की!

त्या चार दिवसांत भेट तयार झाली. ही मैत्रीण जुन्या वह्यांच्या मागच्या पानांवर चित्रं काढते. रेघांवरच हत्ती, रेघांवरच झाडं. म्हणून भाचीनं चित्रकलेचे आठ कागद मधोमध दुमडून एकात एक घातले. सोळा पानं झाली, म्हणजे बत्तीस पृष्ठं. मखरातून उरलेल्या सोनेरी कार्डशीटचं वेष्टण घातलं. घडीवर दाभणानं तीन भोकं पाडली. जाड दोरा आतून मधल्या भोकातून बाहेर काढला, वरच्या भोकातून आत, तिथून सरळ खालच्या भोकातून बाहेर आणि पुन्हा मधल्या भोकातून आत घेतला. आतल्या लांब टाक्याच्या दोन्ही बाजूंना दोऱ्याची टोकं धरून गाठ मारली. झाली चित्रवही! पहिल्या पानावर लिहिलं, ‘1 सप्टेंबरच्या वाढदिवसासाठी, 7 सप्टेंबरला.’ उशीर लपवला नाही.

शनिवारी आरतीनंतर तिनं वही दिली. मैत्रिणीनं सोनेरी वेष्टणावर बोट फिरवलं आणि विचारलं, “हे त्याच मखराचं?” भाचीनं मान हलवली. मग दोघी हसल्या.

आता एक गंमत सांगते. चांद्र वर्ष आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान असतं. म्हणून तिथी दरवर्षी मागे सरकते आणि अधिक महिना आला की पुढे उडी मारते. 2025 साली गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला, म्हणजे 1 सप्टेंबरच्या आधीच येऊन गेली. तेव्हा तिथीच्या भरवशावर राहू नका. भिंतीवरच्या कॅलेंडरात मैत्रिणीच्या वाढदिवसाची खूण दोन दिवस आधीच्या चौकोनात करा. वाढदिवस रविवारी येत असेल, तर खूण लाल पेनानं करा!