प्रवासातील दुसरा पडदा

खामगावच्या एका कापूस व्यापाऱ्याला हंगामात गावोगावच्या जिनिंगमध्ये बसून हिशेब मिळवावा लागतो. एका पडद्यावर खातेवही आणि दुसऱ्यावर काटापावत्या असल्या की चूक लगेच दिसते. त्यासाठी १४ इंची यूएसबी-सी मॉनिटर घेताना त्यांनी प्रथम लॅपटॉपचे माहितीपत्रक पाहिले. यूएसबी-सीचा प्रत्येक पोर्ट चित्र पाठवीत नाही. त्यात ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ असावा लागतो. केबलचेही तसेच. केवळ चार्जिंगची केबल जोडली, तर मॉनिटरचा दिवा लागतो, पण पडद्यावर ‘No Signal’ उमटते. योग्य केबल जोडून ‘Windows + P’ दाबावे आणि ‘Extend’ निवडावे.

मॉनिटर वीजही लॅपटॉपकडूनच घेतो. त्यांच्या लॅपटॉपची बॅटरी ५० वॅट-तासांची आणि खर्च सुमारे १० वॅट. म्हणजे पाच तास. मॉनिटरने आणखी ८ वॅट घेतले की पावणेतीन तासच उरतात. ऐन हिशेबात वीज गेली, तर हा फरक जाणवतो. म्हणून ते पडद्याचा उजेड निम्म्यावर ठेवतात. उजेड वाढवताच पडदा काळा पडला, तर वीज अपुरी आहे असे समजावे.

जिनिंगमध्ये वीज असताना ते ६५ वॅटचा चार्जर मॉनिटरच्या दुसऱ्या पोर्टला लावतात. आपला वाटा घेऊन मॉनिटर उरलेली वीज लॅपटॉपला देतो. मात्र ही सोय प्रत्येक मॉनिटरमध्ये नसते आणि लॅपटॉपही यूएसबी-सीवरून चार्ज होणारा हवा. खरेदीपूर्वीच दोन्ही विचारून घ्यावे.