जुळायलाच हवा असा आकडा

प्रबंधाचा साम्य अहवाल हातात आला की मी टक्केवारीकडे नंतर बघतो. लाल रंग कुठे साचलाय ते आधी बघतो. एका विद्यार्थिनीचं दुसरं प्रकरण जवळजवळ सगळंच लाल आलं होतं. विषय सपाट पट्टीवरून वाहणाऱ्या द्रवाच्या सीमास्तराचा, म्हणजे ब्लासियसचं १९०८ सालचं समीकरण. "सर, मी काहीच उचललेलं नाही," ती म्हणाली. तिच्या वहीतली खाडाखोड मी पाहिली होती. ती खरं बोलत होती.

सॉफ्टवेअर गणित वाचत नाही. पीडीएफमधून ते अक्षरं उपसून घेतं आणि सलग तुकडे दुसरीकडे सापडतात का ते शोधतं.

f''' + ½ f f'' = 0

या ओळीत जागा सोडून लिहिलेलं प्रत्येक चिन्ह एकेक शब्द म्हणून मोजलं जाऊ शकतं. गद्यात सलग चौदा शब्द योगायोगाने जुळणं कठीण. डेरिव्हेशनच्या दोन ओळींतच चौदा चिन्हं भरतात. त्यात वेगाला u, चलाला η हे संकेत सगळ्यांचे एकच. पायऱ्यांचा क्रमही गणितच ठरवतं. टक्का उतरवण्यासाठी चिन्हं बदलली, तर वाचणाऱ्याचीच वाट चुकते.

तक्त्याचं दुखणं आणखी वेगळं. आपली आकडेमोड बरोबर आहे हे दाखवायला तिने आपली उत्तरं जुन्या उत्तरांशेजारी मांडली होती. पट्टीपाशी f'' ची किंमत ०.३३२०६. समीकरण असं लिहिलं, की ती प्रत्येक शोधनिबंधात तीच असणार. वेगळी आली असती तर मी प्रकरण परत केलं असतं. जुळणं हाच तिथे पुरावा, आणि अहवालात नेमकं तेच लाल.

नक्कल ओळखायची खूण मला वेगळीच सापडली आहे. काही जण हेच समीकरण ½ न घेता लिहितात. तेव्हा η चं माप √2 पटीने बदलतं आणि तीच किंमत ०.४६९६ येते. दोन्ही बरोबर, आपापल्या जागी. पण एका प्रबंधात समीकरण ½ चं आणि तक्त्यात ०.४६९६ होतं. समीकरण एकीकडचं, आकडे दुसरीकडचे. तक्ता चित्र म्हणून चिकटवलेला, त्यामुळे त्यातलं अक्षरही सॉफ्टवेअरला दिसलं नव्हतं. अहवाल स्वच्छ होता.

यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार प्रमाण समीकरणं आणि चिन्हं साम्यातून वगळायची असतात. पण प्रमाण कोणतं हे सॉफ्टवेअरला कसं कळणार? म्हणून तिच्या प्रकरणाची ओळन् ओळ आम्ही दोघांनी बसून तपासली. समीकरणं आणि तक्ता वगळल्यावर प्रस्तावनेतला एकच परिच्छेद लाल उरला. तो खरोखरच एका पुस्तकाच्या फार जवळ गेला होता. तो तिने पुन्हा लिहिला, पुस्तकाचा संदर्भ दिला. ०.३३२०६ ला मात्र आम्ही हात लावला नाही.