शेर कोणता?

आमच्या कुटुंबातील पाककृतींची एक पुस्तिका छापावी, असे यंदा घरात ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. साहित्य भरपूर होते. सासूबाईंनी १९५६ साली लिहावयास घेतलेली वही, दोन्ही जाऊबाईंची टिपणे आणि नणंदेने पत्रांतून कळविलेल्या कृती असा तो संग्रह. सर्व एका भाषेत आणावयाचे, एवढेच काम आहे अशी प्रथम माझी समजूत होती. परंतु जेथे शब्द बदलावा, तेथे पदार्थही बदलू लागतो, हे लवकरच ध्यानात आले.

वहीतील पहिलीच कृती रव्याच्या लाडवांची. ‘रवा १ शेर, साखर पाऊण शेर.’ किलो-ग्रॅमची वजने प्रचारात येऊ लागली ती १९५८ पासून. त्यापूर्वीची ही नोंद. आता वजनी शेर म्हणजे ८० तोळे, सुमारे ९३३ ग्रॅम. परंतु शेर हे मापही होते. दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेरांची एक पायली. नोंदीत यांपैकी कोणता शेर अभिप्रेत आहे?

प्रमाण तेच असले म्हणजे शेर कोणताही चालेल, असे वाटते. पण ते खरे नाही. रवा हलका, साखर जड. आमच्या २०० मिलिलिटरच्या वाटीत बारीक रवा सुमारे १४० ग्रॅम बसतो आणि साखर सुमारे १७० ग्रॅम. चार वाट्या रवा ५६० ग्रॅम झाला. वजनाने पाऊणपट साखर घेतली तर ४२० ग्रॅम होते; मापाने तीन वाट्या घेतली तर ५१० ग्रॅम. म्हणजे अर्ध्या वाटीहून किंचित अधिक साखरेचा फरक. एकतारी पाकात एवढा फरक पडला की लाडवाचा गुणधर्मच पालटतो.

सासूबाई आता ८८ वर्षांच्या आहेत. त्या काळचे माप हाताळलेले घरात दुसरे कोणी उरलेले नाही. म्हणून दोन्ही प्रमाणांनी लाडू करून त्यांच्यापुढे ठेवले. वजनाच्या प्रमाणाचे लाडू वळताना फुटत होते. मापाचा लाडू चाखून त्या म्हणाल्या, “हा आपला. अहो, रवा नि साखर एकाच मापट्याने मोजायचो आम्ही.” पुस्तिकेत मी ‘रवा ४ वाट्या, साखर ३ वाट्या’ असे घातले आणि वाटी केवढी, ते पहिल्याच पानावर सांगितले.

क्रियापदांचाही असाच घोळ. सासूबाई ‘घालावे’ लिहितात, थोरल्या जाऊबाई ‘घालणे’, नणंद ‘घाला’, तर धाकट्या जाऊबाई ‘घालतात’. ‘घालावे’ कानाला भारदस्त लागते. पण त्यात वस्तूचे लिंगवचन सांभाळावे लागते. ‘वेलदोडे घालावेत’ येथे वेलदोड्यांची वेलची केली की ‘घालावी’ करणे आले. ‘घाला’ला ही अडचण नाही, म्हणून सर्वत्र तेच ठेवले. ‘घालतात’ मात्र सरसकट बदलले नाही. ‘वरून चारोळी घालतात’ याचा अर्थ घातलीच पाहिजे असा नव्हे. काहीजण घालतात, एवढाच. असे प्रत्येक वाक्य जाऊबाईंना विचारून, जे आवश्यक ते ‘घाला’, जे ऐच्छिक ते ‘हवे असल्यास घाला’ असे केले.

विशेषणाची जागाही पाहावी लागली. ‘भिजवलेली डाळ १ वाटी’ आणि ‘डाळ १ वाटी, भिजवून’ ही दोन भिन्न मापे आहेत. हरभऱ्याची डाळ भिजून जवळजवळ दुप्पट होते. म्हणून मोजण्यापूर्वीची क्रिया वस्तूच्या आधी आणि नंतरची क्रिया मापाच्या पुढे, असा नियम केला.

नावांत एक वस्तू आणि दोन नावे असली तर काम सोपे. कढीलिंब आणि कढीपत्ता यांतून एक निवडावे, दुसरे शेवटच्या सूचीत द्यावे. अवघड ते एक नाव आणि दोन वस्तू. सासूबाईंचा ‘काळा मसाला’ म्हणजे धने, खोबरे, तीळ, दगडफूल यांचा, ज्याला पुष्कळ घरी गोडा मसाला म्हणतात. नणंदेचे सासर कोल्हापूरकडचे. तिच्या काळ्या मसाल्यात मिरचीचा जोर असतो. दोहोंना एकच नाव ठेवले असते, तर आमटी करणाऱ्या नव्या सुनेच्या डोळ्यांना पाणी आले असते! सासूबाईंच्या कृतींत ‘गोडा मसाला’ घातले, नणंदेच्या कृतींत ‘काळा मसाला, तिखट’.

प्रत्येक कृतीखाली बारीक अक्षरांत मूळ नोंदही जशीच्या तशी दिली आहे. लाडवांच्या खाली ‘रवा १ शेर, साखर पाऊण शेर’ असे आहे. त्यापुढे माझा एकच शब्द आहे, ‘मापाने’.