स्वप्नातला घोडा आणि लगाम

आमच्या किनाऱ्यावर घोडा दिसतो तो बहुधा लग्नाच्या वरातीत. तरी तो स्वप्नात येतोच, आणि तो आला की घराघरांतला जुना ख्वाबनामा उघडला जातो. हे ख्वाबनामे बसऱ्याच्या इमाम इब्ने सिरीन यांच्या नावावर चालतात. पण इमामांचे निधन हिजरी ११० मध्ये झाले आणि त्यांच्या नावाचे ग्रंथ नंतरच्या लोकांनी जुळवले. त्यांत घोडा म्हणजे इज्जत आणि ताकद. ऐकणाऱ्या घोड्यावर बसणे चांगले, बेलगाम घोड्यावर बसणे धोक्याचे. म्हणजे अर्थ घोड्यापेक्षा लगामावर ठरतो.

इमाम गझाली यांनी ‘इह्या’मध्ये माणसाची अक्कल शिकारीला निघालेल्या स्वारासारखी मानली आहे. इच्छा हा त्याचा घोडा आणि राग हा त्याचा कुत्रा. दोघे शिकवलेले असतील तर शिकार मिळते. घोडा मारून टाका, असे ते सांगत नाहीत. पायी शिकार कोण करणार? सुमारे आठशे वर्षांनी, १९२३ मध्ये, फ्रॉइडनेही मनाला घोडा आणि स्वार यांचीच उपमा दिली. त्याने एक खोच मात्र घातली: ताकद घोड्याची असते, त्यामुळे पुष्कळदा घोडा नेईल तिकडे जावे लागते आणि स्वाराला वाटते, आपणच हाकतो आहोत.

माझी भाची बारावीत होती. तिला स्वप्न पडले, की ती तारकर्लीच्या ओल्या वाळूवरून घोड्यावर सुसाट निघाली आहे. घोड्याला लगाम नाही. देवबागच्या टोकाला, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे, घोडा आपोआप थांबला. नानी म्हणाली, “बेलगाम घोडा बरा नव्हे बेटा, नफ्स उधळलाय.”

मी भाचीला विचारले, “धावताना भीती वाटली का गं?”

“नाही मावशी. थांबला तेव्हा राग आला. मी थांबवलाच नव्हता.”

घोडा तिला पाडत नव्हता, उधळलाही नव्हता. फक्त थांबायचे कुठे, हे तिच्या हातात नव्हते. त्या दिवसांत तिला नर्सिंगला पाठवायचे की नाही, यावर घरात चर्चा चालली होती, आणि तिला कोणी विचारलेच नव्हते. ख्वाबनाम्याने लगामाकडे बोट दाखवले ते बरोबरच होते. लगाम कोणत्या गोष्टीचा, हे मात्र तिच्याकडूनच कळायचे होते. म्हणून मानसतज्ज्ञ आधी विचारतात, की स्वप्नात काय वाटले आणि सध्या मनात काय चालले आहे. हदीसमध्येही स्वप्नांचे तीन प्रकार आले आहेत, त्यांतला एक माणसाच्या स्वतःच्याच मनातल्या बोलण्याचा.

तिने नर्सिंगला जावे की नाही, हे त्या स्वप्नाने सांगितले नाही. ते फी, वसतिगृह आणि अब्बांची तब्येत पाहून ठरायचे होते. पण त्या रात्री भावजींनी प्रथमच तिला समोर बसवून विचारले, “तुला काय वाटतं?”